कढईतून गाळ्याकडे

या सदरात आम्ही दोघी जावा एरवी दुसऱ्यांच्या धंद्याविषयी लिहितो. पण गेल्या काही महिन्यांत ज्या ज्या वाचक भगिनी भेटल्या त्यांनी एकच विचारले: तुमच्या विश्रांतवाडीच्या घरातल्या तेलाचे काय झाले, आता घरी मिळत नाही म्हणे? खरे आहे, घरी मिळत नाही. आता ते गाळ्यात तयार होते आणि बाटलीवर परवान्याचा क्रमांक असतो. मधल्या वर्षभरात काय काय झाले ते यावेळी आमच्याच घरचे सांगतो.

तेल मूळचे अम्मींचे, म्हणजे आमच्या सासूबाईंचे. खोबरेल तेलात माका, आवळा, जास्वंद, कढीपत्ता आणि थोडी मेथी. नात्यातल्या मुलींसाठी त्या लोखंडी कढईत करायच्या. लॉकडाऊनमध्ये आम्ही ते बाटलीत भरून शेजारी द्यायला लागलो. मग टिंगरेनगर, धानोरी, कळस असे करत महिन्याला शंभर मिलीच्या दीडशे बाटल्या जाऊ लागल्या. अम्मींचे माप म्हणजे 'मूठ' आणि 'एवढे'. वेळ झाली की नाही हे त्या वासावरून सांगत. त्या सांगत तेव्हा ते बरोबरच असायचे, ही गोष्ट वेगळी.

पावसाळ्यात एक दिवस टिंगरेनगरच्या एका खालांचा फोन आला. तेलाला खवट वास येतोय, बुडाशी काहीतरी ढगासारखे दिसतेय आणि नातीच्या डोक्यात पुरळ उठलेय. आम्ही ताबडतोब गेलो, बाटली परत घेतली, पैसे दिले, माफी मागितली. पुरळ तेलानेच उठले की आणखी कशाने, हे आजही आम्हाला ठाऊक नाही. पण घरी आल्यावर धाकटीने विचारले, "भाभी, ही बाटली कोणत्या दिवशीच्या कढईतली?" उत्तर नव्हते. त्या महिन्यात चार वेळा कढई चढली होती. एकीत ओला कढीपत्ता होता, एकीत वाळलेला. तेलाचा डबाही मध्येच बदलला होता. घरात अडतीस बाटल्या उरल्या होत्या आणि त्यांतल्या कोणत्या चांगल्या हे सांगता येत नव्हते. अम्मी म्हणाल्या, "सगळ्या ओता." ओतल्या. पैशांपेक्षा जास्त लागले ते हे, की तेल आपल्या हाताने करूनही त्याच्याविषयी आपल्याला काही सांगता येत नाही.

त्याच सुमारास एका औषधाच्या दुकानदाराने आमची बाटली हातात घेऊन फिरवली आणि परत ठेवली. "लायसन नंबर कुठाय? मी ठेवली तर मीच अडकेन." तोवर आमची समजूत होती की घरगुती, लहान प्रमाणावर केले तर चालते. तसे नाही. केसाला लावायचे तेल विकायला करायचे म्हणजे कायद्याने ते सौंदर्यप्रसाधन. 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे 2020 चे सौंदर्यप्रसाधने नियम त्याला लागू होतात. पाच लिटर करा की पाचशे, विकायचे असेल तर उत्पादनाचा परवाना लागतो. तो आपल्याकडे राज्याचे अन्न व औषध प्रशासन देते. उद्यम नोंदणी आमच्याकडे होती, फुकट आणि ऑनलाइन मिळालेली. तिलाच आम्ही परवाना समजत होतो. ती फक्त व्यवसायाची नोंद आहे. तेल करायची परवानगी तिच्यातून मिळत नाही. खाण्याच्या पदार्थांसाठीचा एफएसएसएआयचा क्रमांकही इथे उपयोगाचा नाही, कारण हे तेल कोणी खात नाही.

पण परवाना मागायला जाण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो आणि तो आपल्या बाटलीवरच्या चिठ्ठीने सुटतो. आमच्या जुन्या चिठ्ठीवर होते: 'केस गळती बंद. टक्कलावर नवे केस. शंभर टक्के आयुर्वेदिक.' एका दिराने हौसेने छापून आणली होती. धाकटीने डी. फार्म. केले आहे. ती म्हणाली, "भाभी, ही चिठ्ठी खरी मानली तर आपण औषध विकतोय." कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या आहे ती शरीर स्वच्छ करण्यासाठी, सुंदर दिसण्यासाठी, रूप बदलण्यासाठी चोळायच्या, ओतायच्या किंवा लावायच्या वस्तूची. रोग बरा करतो म्हटले की वस्तू या व्याख्येतून बाहेर पडते. मग आयुर्वेदिक किंवा युनानी औषधाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी त्या शास्त्राची पदवी घेतलेली व्यक्ती ठेवावी लागते, आणि उत्पादनाची जागा किमान 1200 चौरस फूट. आपल्या घरांत ज्याला रोगन म्हणतात ते युनानी तेलही याच वाटेने जाते.

हा फरक म्हणजे नुसता शब्दांचा खेळ वाटेल, पण याच शब्दांवर मोठमोठ्या कंपन्या न्यायालयात भांडल्या आहेत. केशव पेंढरकरांनी 1952 मध्ये मुंबईत परळला अगदी लहान जागेत सुरू केलेली विको आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिची टूथपेस्ट आणि हळदीची क्रीम औषध की प्रसाधन, हा कराचा वाद वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि औषध म्हणून निकाल लागला. खोबरेल तेलाचे उदाहरण तर ताजे आहे. लहान बाटलीतले शुद्ध खोबरेल तेल खाद्यतेल की केसांचे तेल, हा कराचाच प्रश्न होता. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचे तेल ठरत नाही. ते तसे म्हणून विकले जाते का हे पाहायचे. तेव्हा चिठ्ठीवर काय लिहिता याला वजन असते.

आम्ही सोपी वाट धरली. गळती, टक्कल, कोंडा, आयुर्वेदिक हे सगळे शब्द काढले. आता लिहितो: 'केस मऊ आणि चमकदार दिसण्यासाठी केसांचे तेल.' दीर नाराज झाले. म्हणाले, यात विकण्यासारखे काय राहिले? खरे सांगायचे तर आम्हालाही सुरुवातीला चिठ्ठी उघडीबोडकी वाटली. पण टक्कलावर केस उगवलेला एकही माणूस आम्ही पाहिला नव्हता. त्यामुळे ती ओळ गेल्याचे दुःख फार टिकले नाही.

मग जागा. घराच्या मागे पत्र्याची खोली होती, तिलाच फरशी लावू असा बेत होता. नियमांच्या सातव्या अनुसूचीत तो पहिल्याच परिच्छेदात मोडला. जागा राहण्यासाठी वापरलेली नसावी आणि राहत्या घराला आतून जोडलेलीही नसावी. मागची खोली आमच्या स्वयंपाकघरातच उघडत होती. पुढे धानोरी रस्त्याला एक छान गाळा मिळाला, भाडेही परवडणारे. पण त्याच्या आतून जिना वर मालकांच्या घरात जायचा. मालक म्हणाले, दार बंद ठेवू, कोण बघतो? आम्ही नको म्हटले. तपासणीला येणारा माणूस पहिल्यांदा तेच दार बघणार होता. हे कागदावर वाचूनही लक्षात राहत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो: गाळा पाहायला जाताना आधी आतली दारे मोजा.

केसांच्या तेलासाठी मूळ मांडणीला 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 270 चौरस फूट जागेची शिफारस आहे. भांडी-यंत्रे मांडायची जागा तेवढी. कच्चा माल आणि भरलेल्या बाटल्या ठेवायला वेगळी जागा लागते. आम्हाला शेवटी 420 चौरस फुटांचा गाळा मिळाला. भिंती जमिनीपासून सहा फुटांपर्यंत गुळगुळीत, पाणी न मुरणाऱ्या आणि धुता येणाऱ्या हव्यात, म्हणून तिथवर टाइल्स लावल्या. जमीन सपाट, भेगा नसलेली. खिडक्यांना जाळी, हात धुण्याची सोय, स्वच्छ पाणी, काम करणाऱ्यांना झगा, टोपी, हातमोजे आणि प्रथमोपचाराची पेटी. वाचताना यादी मोठी वाटते, पण नीट ठेवलेल्या स्वयंपाकघराहून फार वेगळे त्यात काही नाही. फरक इतकाच की तिथे पोरे डबा शोधत येत नाहीत आणि मांजर कट्ट्यावर चढत नाही.

काम एका जाणकार पूर्णवेळ व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे लागते आणि त्यासाठी डी. फार्म. चालते. त्यामुळे धाकटीची पदविका, जी लग्नानंतर सहा वर्षे कपाटात होती, ती बाहेर आली. तिचे प्रमाणपत्र, गाळ्याचा करार, नकाशा, भांड्यांची यादी आणि तपासणीसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेशी केलेली व्यवस्था हे सगळे अर्जाला जोडले. अर्ज सीओएस-5 या नमुन्यात करायचा असतो आणि परवाना सीओएस-8 या नमुन्यात येतो. तो कायम चालतो. मात्र दर पाच वर्षांनी तो राखण्याचे शुल्क वेळेत भरावे लागते.

स्वतःचा गाळा नको असेल तर दुसरी वाट आहे. ज्याच्याकडे परवाना आहे त्याच्या कारखान्यात आपले तेल करून घ्यायचे, त्यासाठी आपल्या नावाने लोन लायसन घ्यायचे. त्याचा अर्ज सीओएस-6 मध्ये होतो. नावात लोन असले तरी त्याचा कर्जाशी काही संबंध नाही. आम्ही दोन कारखाने पाहिले. दोन्हीकडे लहानात लहान भांडे शंभर लिटरचे होते. शंभर लिटर म्हणजे हजार बाटल्या. आम्ही महिन्याला दीडशे विकत होतो. सात महिन्यांचे तेल एकदम करून ठेवले तर शेवटची बाटली जाईपर्यंत ते जुने होणार. ज्यांचा खप आमच्याहून मोठा आहे त्यांच्यासाठी ती वाट स्वस्त पडेल.

आता खरी गोष्ट, जी आम्हाला गाळ्यात गेल्यावर कळली: आमच्या तेलात पाणी राहत होते.

औषधी तेल करायची जुनी पद्धत सगळीकडे साधारण एकच आहे. वनस्पतींचा काढा किंवा रस, त्यांचाच वाटलेला गोळा म्हणजे कल्क, आणि तेल, हे एकत्र उकळायचे. पाणी उडून जाईपर्यंत उकळत ठेवायचे, मग गाळायचे. पाणी पूर्ण गेले नाही तर तेलात बारीक थेंब राहतात. बुडाशी ढग दिसतो, त्यात बुरशी धरते आणि तेल लवकर खवट होते. त्या पावसाळ्यात आम्ही ओला कढीपत्ता टाकला आणि घाईत कढई लवकर उतरवली, असे आता वाटते. आणखी एक चूक वर्षानुवर्षे होत होती. लोखंडी कढईत तेल काळेभोर होते आणि गिऱ्हाईकाला काळे तेल म्हणजे दमदार वाटते. पण लोखंड आणि तांबे दोन्ही तेलाला हवेशी लवकर जुळवतात. खवटपणा त्यानेच वाढतो. अम्मींना कढई सोडवली नाही. ती आता घरी भजी तळायला आहे. गाळ्यात स्टेनलेस स्टीलचे, विजेवर तापणारे भांडे घेतले.

एक घाणी कशी होते ते नीट सांगतो. दोन किलो सुकी भरड: माका, आवळा, जास्वंदीची फुले, कढीपत्ता, मेथी. ती सोळा लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची आणि सकाळी मंद आचेवर उकळत चार लिटर उरेपर्यंत आटवायची. आठपट पाणी आणि चौथाई काढा, हे जुने माप आहे. गाळलेल्या चार लिटर काढ्यात वीस किलो खोबरेल तेल आणि एक किलो वाटलेला कल्क घालायचा. आता भांडे तापवायचे आणि सतत ढवळायचे, कारण कल्क बुडाला बसला की जळतो आणि त्या जळक्या वासाला मग काही इलाज नाही.

इथे अम्मींच्या नाकाची जागा दीडशे अंशांपर्यंतच्या थर्मामीटरने घेतली. त्याचे काम समजले तेव्हा आम्ही दोघी अक्षरशः हसलो, इतके ते साधे आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते. भांड्यात पाणी आहे तोवर आच कितीही द्या, काटा शंभराच्या आगेमागे अडून बसतो, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. अर्धा तास, तासभर, दीड तास, काटा तिथेच. मग कधीतरी बुडबुड्यांचा आवाज बदलतो, वर फेस येतो आणि काटा चढू लागतो: 103, 105, 108. म्हणजे पाणी संपले. आम्ही 110 ला वीज बंद करतो, कारण भांड्याची उष्णता पुढेही चार-पाच अंश चढवते. तेव्हा चमच्याने थोडा कल्क काढायचा. दोन बोटांत वळला तर वात होते. ती ज्योतीवर धरली तर तडतडता कामा नये. तडतडली तर अजून पाणी आहे. वातीची ही पारख वैद्यांची जुनी आहे आणि अम्मीही तीच करायच्या. थर्मामीटरचा आणि वातीचा कौल एकच आला तेव्हा त्या म्हणाल्या, "मग इतके पैसे कशाला घातलेत?" आम्ही म्हटले, "अम्मी, तुम्ही झोपल्यावरही भांडं चढवता यावं म्हणून."

उतरवलेले तेल कोमट झाल्यावर कापडातून गाळतो. पूर्वी फडके पिळून शेवटचा थेंबही काढायचो. आता पिळत नाही. पिळून निघते त्यात तेलाबरोबर कल्काचा चिकट गाळ येतो आणि तोच पुढे बाटलीच्या बुडाशी बसतो. तेल दोन दिवस झाकून स्थिर ठेवतो, वरचे स्वच्छ तेल बारीक गाळणीतून भरण्याच्या टाकीत घेतो. बाटल्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणतो. धुतलेली बाटली आतून पूर्ण सुकल्याशिवाय तिच्यात तेल जात नाही. पाण्याचा एक थेंबही नको म्हणून वर एवढा खटाटोप केला, तो धुतलेल्या बाटलीत राहिलेल्या थेंबाने वाया जातो.

भरायची पद्धतही बदलली. घरी आम्ही गरम तेल गळ्यापर्यंत भरायचो. तेल तापले की फुगते. साठ अंशांचे तेल तीसवर आले की शंभर मिलीतले साधारण दोन मिली कमी होते. गिऱ्हाईक म्हणते, बाटली अर्धवट आहे, आणि चिठ्ठीवरचे माप चुकते. आता तेल गार झाल्यावर काट्यावर वजनाने भरतो. शंभर मिली तेलाचे वजन साधारण 92 ग्रॅम.

आणि वही. प्रत्येक घाणीला क्रमांक. तेल कोणाकडून, कोणत्या तारखेला आले, भरड कोणत्या पोत्यातली, काढा किती उरला, काटा कधी चढला, वात तडतडली का, शेवटी तेल किती निघाले आणि बाटल्या किती भरल्या. वीस किलो तेलातून आमच्याकडे 18.6 किलो निघते, बाकीचे कल्कात राहते. त्यातून सुमारे दोनशे बाटल्या होतात. हा आकडा आम्हाला सगळ्यांत जास्त कळवतो. एकदा 17.3 किलो निघाले, तेव्हा कळले की कल्क फार बारीक वाटला गेला आणि त्याने तेल धरून ठेवले. एकदा 19.5 निघाले. मदतीला येणारी मुलगी खूष झाली, "आज बरकत आहे!" धाकटीने ती घाणी पुन्हा तापवायला लावली. जास्त आलेले तेल नव्हतेच, ते पाणी होते.

प्रत्येक घाणीच्या दोन बाटल्या आम्ही विकत नाही, तारीख घालून कपाटात ठेवतो. नमुना प्रयोगशाळेत जातो. तिथे खवटपणा मोजतात, त्याला पेरॉक्साइड मूल्य म्हणतात. जड धातूही पाहतात. शिसे दहा लाखांत वीस भागांच्या आणि आर्सेनिक दोन भागांच्या वर चालत नाही. जुन्या चिठ्ठीवर आम्ही 'दोन वर्षे टिकते' लिहिले होते, ते कुठून आले होते कोणास ठाऊक. आता बारा महिने लिहितो, कारण कपाटातल्या बाटल्यांवरून तेवढेच खात्रीने सांगता येते. चिठ्ठीवर घाणीचा क्रमांक, परवान्याचा क्रमांक, गाळ्याचा पूर्ण पत्ता, कधीपर्यंत वापरावे, किती मिली, सर्व करांसह किंमत, तक्रारीसाठी फोन आणि घटकांची उतरत्या प्रमाणाने यादी असते. साठ मिलीहून लहान बाटलीवर घटकांची यादी नसली तरी चालते, पण आमच्या शंभरच्या बाटलीवर ती हवीच.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी भांड्यांकडे फार वेळ पाहिले नाही. वही उघडली आणि कपाटातली एक बाटली बोटाने दाखवून विचारले, "हिचं तेल कोणाकडून घेतलं?" धाकटीने पान काढून दिले. त्यांनी दोन सुधारणा सांगितल्या: कच्चा माल जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा आणि तपासून झालेला व न झालेला माल वेगळा ठेवून तशी पाटी लावा. त्या केल्या आणि परवाना आला.

पैशांचे लिहिले नाही तर तुम्ही रागवाल. घरी बाटलीमागे तेल, भरड, बाटली मिळून 68 रुपये लागायचे, विकायचो 150 ला. सुटायचे 82. दीडशे बाटल्यांचे महिना 12,300. गाळ्यात भाडे 14,000, वीज 2,500, मदतीच्या मुलीचा पगार 9,000, म्हणजे बाटली विकण्याआधीच 25,500 गेले. ते भरून निघायलाच 311 बाटल्या लागतात. घरच्याइतके सुटायला 461. आम्ही हिशेब केला, महिन्याला तीन घाण्या, सहाशे बाटल्या, झकास! पण दुकानदार चौथा हिस्सा मागतो. मग दीडशेची बाटली साडेबाराच्या वर एकशेला जाते आणि सुटतात फक्त साडेचव्वेचाळीस. निम्म्या बाटल्या दुकानांतून आणि निम्म्या थेट गेल्या, तर सगळा खर्च जाऊन हातात उरतात 12,450. चौपट काम आणि घरच्याइतकेच पैसे! त्यात प्रयोगशाळेचा खर्च धरला नाही आणि धाकटीचा पगारही नाही. पहिल्या आठ महिन्यांत आमचे हेच चालले. आता महिन्याला चार घाण्या होतात, तेव्हा जरा श्वास घेता येतो.

म्हणून ज्यांचा खप महिन्याला शंभर-दोनशे बाटल्यांवर आहे आणि वाढायची चिन्हे नाहीत, त्यांनी आमचे पाहून गाळा घेऊ नये असे आम्हाला वाटते. दोन-तीन घरांनी मिळून एक परवाना, एक गाळा, एक वही असे केले तर भाडे वाटले जाते. सरकारी योजनांत अल्पसंख्याक आणि स्त्रियांना शहरात पंचवीस टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेले असते. घरात व्याजाचा विषय निघाला तेव्हा अम्मींनी आपल्या दोन बांगड्या काढून दिल्या आणि उरलेले भिशीतून उभे केले. त्या बांगड्या अजून सोडवायच्या नाहीत, कारण गहाण नव्हत्याच, विकल्या. नव्या घ्यायच्या आहेत.

जानेवारीत सकाळी सकाळी धानोरीच्या एका वाचक भगिनीचा फोन आला. "तुमचं तेल गोठलंय, वर पांढरा थर आलाय, यात मेण घालता का?" धाकटीने विचारले, "बाटलीवर बी नंबर काय आहे?" पलीकडून क्रमांक आला. कपाटातून त्याच घाणीची बाटली काढली, तीही पांढरी झाली होती. खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली गोठते आणि त्या दिवशी पहाटे पुण्यात बरीच थंडी होती. वहीत त्या घाणीचा काटा, वात, वजन सगळे बरोबर होते. "गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं उभी ठेवा," धाकटी म्हणाली, "आणि वितळल्यावर बुडाशी ढग दिसतो का तेवढं मला सांगा." दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला. ढग नव्हता. त्या बाईंनी आणखी दोन बाटल्या मागितल्या.